शर्ट, टोपी, पिशवीवरची घोषणा फोटोत अर्धीच दिसते: वाचायची कशी आणि झाकलेली अक्षरं भरायची कशी

सतरा सप्टेंबरची प्रभातफेरी, गणपती मंडळाची मिरवणूक, उन्हाळ्यातलं जलसंधारणाचं श्रमदान, पंढरीला निघालेली दिंडी. मराठवाड्यात वर्षभर असे फोटो जमा होतात आणि त्यात छापील टी-शर्ट, टोप्या, कापडी पिशव्या भरपूर असतात. फोटोची नोंद करताना किंवा खाली ओळ लिहिताना अंगावरची घोषणा शब्दशः द्यायची असते, आणि तिथे नेहमी एकच अडचण येते: कापड वळलेलं, मध्येच चुणी, वरून दप्तराचा पट्टा. मग वाचणारा ओळखीची घोषणा मनानेच पुरी करतो आणि ती नोंदीत पक्की होते. पुढे तो मूळ फोटो कुणी उघडत नाही.

सगळं एकाच उपायाने सुटत नाही, कारण बिघाड तीन वेगवेगळे आहेत. फोटो मोठा करून आधी कोणता बिघाड आहे ते ठरवा. अक्षरं कडेला हळूहळू अरुंद होत गेली असतील आणि शिरोरेषा धनुष्यासारखी वाकली असेल, तर तो कापडाचा गोलावा. अक्षरं दोन्ही बाजूंना पूर्ण रुंदीची आहेत, पण मध्येच शिरोरेषा एकदम खाली-वर सरकते आणि शब्द विचित्र लागतो, तर ती चुणी. जिथे अक्षर तुटतं तिथे दुसऱ्याच वस्तूची कड दिसते, म्हणजे हात, पट्टा, उपरणं, शेजाऱ्याचा खांदा, तर ते झाकलेलं आहे. गोलावा गणिताने सरळ होतो. चुणीतलं थोडंफार उजळून दिसतं. झाकलेलं मात्र पुराव्यानेच भरावं लागतं, आणि सर्वाधिक चुका तिथेच होतात.

आधी फाइल बघा

व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो लांबीकडून साधारण १६०० पिक्सेलपर्यंत लहान होऊन येतो. वीस माणसांच्या गटाच्या फोटोत एका टोपीच्या वाट्याला मग साठ-सत्तर पिक्सेल येतात आणि त्यात मात्रा उरत नाहीत. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, तो जसाच्या तसा येतो. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची वीस-पंचवीस पिक्सेलपेक्षा कमी असेल तर पुढची खटपट फारशी फळत नाही. फोटो ताणून मोठा केल्याने नवी माहिती येत नाही.

जेपेग फाइलमध्ये रंगाचा तपशील बहुधा उजेडाच्या तपशिलापेक्षा निम्म्या बारकाईने साठवलेला असतो. म्हणून भगव्यावर लाल किंवा पांढऱ्यावर पिवळं छापलेलं असेल तर अक्षरांच्या कडा पसरतात. तिथे रंगीत फोटो बघत बसण्यापेक्षा लाल, हिरवा आणि निळा हे तीन स्तर वेगळे करून काळ्या-पांढऱ्यात बघा. पांढऱ्या कापडावरची भगवी अक्षरं निळ्या स्तरात गडद उमटतात. भगव्यावरची लाल अक्षरं हिरव्या स्तरात वेगळी होतात. भगव्यावरची निळी अक्षरं लाल स्तरात सगळ्यांत स्पष्ट दिसतात. गिम्प या फोटो सुधारायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे आणि पुष्कळदा एवढ्यावरच भागतं.

फोटो आरशासारखा उलटा तर नाही ना, हेही इथेच बघून घ्या. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या काही सेल्फी उलट्याच जतन होतात. मोठी अक्षरं लगेच कळतात, पण टोपीवरचा एकटा शब्द अर्धवट दिसत असेल तर 'अनोळखी लिपी' म्हणून सोडून दिला जातो.

गोलावा: अक्षरं किती दबतात

गोल टोपी समोरून बघितली की मधली अक्षरं पूर्ण रुंदीची आणि कडेची दबलेली दिसतात. किती दबलेली, याचा हिशेब ठरलेला आहे. समजा फोटोत टोपी कडेपासून कडेपर्यंत ६०० पिक्सेल आहे, म्हणजे त्रिज्या ३००. मध्यापासून एका बाजूला टोपीचा पाव घेर दिसतो. त्याचे कापडावर तीन सारखे भाग केले, तर फोटोत पहिल्या भागाला १५० पिक्सेल मिळतात, दुसऱ्याला ११० आणि तिसऱ्याला फक्त ४०. कापडावर तिन्ही भागांची रुंदी तीच, सुमारे १५७ पिक्सेलइतकी. म्हणजे कडेचं अक्षर मधल्याच्या जवळजवळ पाव रुंदीचं उरतं. त्यात 'ण' चे उभे दंड एकमेकांना चिकटतात, 'ब' मधली तिरकी रेघ बुजून 'व' होतो आणि काना शेजारच्या अक्षरात विरघळतो.

हे उलगडायला पायथन आणि त्यातली ओपनसीव्ही ही चित्रांची लायब्ररी पुरे. आधी टोपीचा पट्टा डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत नेमका कापून घ्या. एका बाजूला थोडी पार्श्वभूमी राहिली तरी मध्य सरकतो आणि एका बाजूची अक्षरं जाड, दुसऱ्या बाजूची बारीक येतात.

```python
import cv2, numpy as np
a = cv2.imread("topi.png")
h, w = a.shape[:2]
R, d = w/2, 18
W = int(np.pi*R)
s = (np.arange(W) - W/2)/R
x = R + R*np.sin(s)
mx = np.tile(x, (h, 1)).astype(np.float32)
my = (np.arange(h)[:, None] + d*(np.cos(s)-1)[None, :]).astype(np.float32)
cv2.imwrite("sapat.png", cv2.remap(a, mx, my, cv2.INTER_CUBIC))
```

यातला `d` हा ओळीच्या वाकाचा आकडा. कॅमेरा टोपीपेक्षा उंच असेल तर ओळीचा मध्य खाली झुकतो आणि कडा वर जातात, तेव्हा `d` अधिक ठेवा. कॅमेरा खालून असेल तर वजा. आकडा किती घ्यायचा, हे टोपीची खालची शिवण सांगते. मध्यावर ती जिथे आहे आणि अगदी कडेला जिथे आहे, त्या दोन उंचींतला फरक म्हणजेच `d`. चित्र बनल्यावर शिवण सरळ दिसली की आकडा बरोबर.

मध्यापासून ६० अंशांपर्यंत, म्हणजे वरच्या उदाहरणात मधल्या ५२० पिक्सेलमध्ये, या रीतीने चांगलं वाचता येतं. त्यापलीकडचं चित्र ताणून मोठं होतं खरं, पण चाळीस पिक्सेलमधून दीडशे पिक्सेलचं अक्षर काढलं तर मिळतो तो धूसर डाग. त्या डागाला अक्षर म्हणून नोंदवू नका. कॅमेरा माणसापासून दोन मीटरपेक्षा जवळ असेल तर हिशेब आणखी थोडा बिघडतो, कारण मग मधला भाग प्रमाणाबाहेर मोठा येतो.

छातीला मात्र ही रीत लावू नका. माणसाची छाती पत्र्याच्या डब्यासारखी गोल नसते. ती मध्ये बरीच सपाट असते आणि काखेजवळ एकदम वळते. वरचं गणित लावलं तर मधली अक्षरं विनाकारण ताणली जातात. त्यापेक्षा घोषणेत दोनदा आलेलं अक्षर शोधा. घोषणा यमकाच्या असल्याने असं अक्षर बहुतेक वेळा सापडतंच. 'झाडे लावा, झाडे जगवा' एकाच ओळीत छापलं असेल तर मध्याजवळच्या 'लावा' मधला 'वा' आणि काखेकडच्या 'जगवा' मधला 'वा' मोजा. पहिला ९० पिक्सेल आणि दुसरा ६० असेल तर तिथे कापड सुमारे ४८ अंश वळलं आहे. तेवढाच भाग कापून आडवा दीडपट करा, बाकीच्याला हात लावू नका.

पांढरी टोपी गोल नसते

आपल्याकडची पांढरी गांधी टोपी नावेच्या आकाराची असते. दोन बाजूंच्या पट्ट्या पुढे आणि मागे टोकाला मिळतात आणि छपाई या पट्ट्यांवर असते. समोरून काढलेल्या फोटोत दोन्ही पट्ट्या कॅमेऱ्यापासून तिरक्या पळत जातात, म्हणून दोन्हीकडची अक्षरं दबतात आणि एकही नीट वाचता येत नाही. फेरीच्या फोटोंत पुढाऱ्यांवर नजर ठेवून समोरून फोटो काढलेले असतात, त्यामुळे ही तक्रार सारखी येते.

पट्टीचा मधला भाग जवळपास सपाट असतो. तिथे गोलाव्याचं गणित नको, चार कोपरे ओढून आयत करा. पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर प्रत्येकी दोन बिंदू घ्या आणि इमेजमॅजिकला द्या:

```
magick topi.jpg -set option:distort:viewport 800x200+0+0 -distort Perspective "120,80 0,0 540,130 800,0 535,300 800,200 118,330 0,200" -crop 800x200+0+0 +repage patti.png
```

प्रत्येक जोडीत आधी फोटोतला बिंदू, मग आयतातली त्याची जागा. इथे आयत ८०० बाय २०० धरला आहे, पण हे प्रमाण मनाने ठरवायचं नाही. त्याच गटातल्या एखाद्या बाजूने दिसणाऱ्या टोपीवर तेच दोन बिंदू शोधून लांबी-उंचीचं प्रमाण घ्या. प्रमाण चुकलं तरी अक्षरं वाचता येतात, पण पुढे रुंदी मोजून झाकलेलं अक्षर ठरवायचं असेल तर सगळा हिशेब कोसळतो.

पिशव्यांचं प्रकरण सोपं आहे. भरलेली पिशवी फुगते आणि कडेची अक्षरं बाजूच्या घडीत जातात. दोन्ही अंगांना बहुधा एकच मजकूर असतो, तेव्हा दुसऱ्या फोटोत दुसरी बाजू मिळाली की काम होतं. रिकामी पिशवी लोंबत असेल तर तिचा बिघाड गोलाव्याचा नाही, चुणीचा.

चुणी: देवनागरीत नेमकं काय गिळलं जातं

चुणी कापड दुहेरी गिळते. दोन सेंटीमीटर खोल चुणीत चार सेंटीमीटर कापड जातं, आणि टी-शर्टवरच्या घोषणेचं एक अक्षर साधारण तेवढंच असतं. म्हणून अक्षर अर्धवट दिसण्याऐवजी पूर्ण गायब होतं आणि दोन्हीकडची अक्षरं एकमेकांना लागून उभी राहतात. वाचणाऱ्याला मध्ये काही हरवल्याची शंकाही येत नाही. ती शिरोरेषेवरून घ्यायची. छापलेली शिरोरेषा एका शब्दावर सलग असते, तिला पायरी पडली किंवा तिची जाडी एकदम बदलली की तिथे कापड गेलं आहे.

काखेतून छातीकडे येणारी तिरकी चुणी उभे दंड खाते. काना गेला की 'पाणी' चं 'पणी' होतं. बसलेल्या माणसाच्या पोटावरची आडवी चुणी उकार, रुकार आणि पायमोड्या खाते, आणि तीच चुणी दोन ओळींच्या मध्ये आली तर खालच्या ओळीच्या मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि रफार जातात. माणूस बसलेला आहे की उभा, हे बघितलं तर कोणती चिन्हं संशयित आहेत ते आधीच कळतं.

सगळ्यांत फसवी चूक शिरोरेषेच्या तुटण्याने होते. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ', 'य' आणि 'थ' या जोड्यांत मोठा फरक डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो. 'घ', 'म', 'य' वर शिरोरेषा पूर्ण असते, तर 'ध', 'भ', 'थ' वर ती डावीकडे तुटलेली असते. बारीक चुणी नेमकी तिथे आली की 'म' चा 'भ' होतो. उलटही घडतं: शेजारच्या अक्षराची शिरोरेषा चुणीमुळे पुढे सरकून फट बुजवते आणि 'ध' चा 'घ' वाचला जातो. अशा जागी अक्षराच्या डाव्या वरच्या टोकाला गाठ किंवा वळण आहे का ते बघा, शिरोरेषेवर विसंबू नका. यंत्राने वाचून घेतलं तरी हीच चूक होते, फक्त ती जास्त आत्मविश्वासाने छापून येते.

चुणीच्या उतारावरचा मजकूर पुष्कळदा दिसत असतो, फक्त सावलीत असतो. संपूर्ण फोटो उजळण्यापेक्षा तेवढाच भाग निवडून 'कर्व्ह्ज'मध्ये गडद टोक वर उचला. रबर प्रिंट असेल तर उलटी अडचण येते. चुणीचा माथा उन्हात चकाकतो आणि अक्षर पांढरं पडतं. तिथे उजेड कमी करूनही काही निघत नाही, कारण चकाकीच्या जागी मूळ रंग नोंदलाच गेलेला नसतो.

झाकलेलं: एक उदाहरण शेवटपर्यंत

असा फोटो धरा. श्रमदानाला आलेला तरुण, पांढरा टी-शर्ट, हिरवी अक्षरं, दोन ओळी. त्याच्या डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे घडी घातलेलं उपरणं बांधलं आहे. फोटोत ते वर उजवीकडून खाली डावीकडे उतरतं. पहिल्या ओळीत 'पाणी अडवा' पूर्ण दिसतं. दुसऱ्या ओळीत 'पाणी', मग उपरणं, मग 'रवा'.

वाचणारा लगेच म्हणेल, 'पाणी अडवा, पाणी जिरवा', वर्षानुवर्षं भिंतींवर तीच तर आहे. बहुतेक वेळा ते बरोबरही निघेल. पण गावोगावचे छापणारे 'पाणी मुरवा' असंही छापू शकतात, आणि 'मुरवा'चा शेवटही 'रवा'च. 'साठवा' आणि 'वाचवा' बाद, कारण 'र' स्पष्ट दिसतो. उरतात 'जि' आणि 'मु'. आता अंदाज बाजूला ठेवून मोजायला लागा.

दुसऱ्या ओळीत 'णी' संपतो तिथून 'र' सुरू होतो तिथपर्यंतचं अंतर १५० पिक्सेल आहे. पहिल्या ओळीत 'पाणी' आणि 'अडवा' यांच्यातली मोकळी जागा ४० पिक्सेल भरते. दोन्ही जागा शर्टावर जवळपास एकाखाली एक आहेत, म्हणून कापडाचा ताण आणि वळण सारखं मानता येतं. दुसऱ्या टोकाच्या मोकळ्या जागेचं माप इथे वापरलं असतं तर चाललं नसतं. १५० मधून ४० गेले, उरले ११०. झाकलेल्या अक्षराला एवढी जागा आहे.

आता दिसणाऱ्या 'पाणी'शी वळण जुळणारा टंक निवडून त्यात 'पाणी जिरवा' आणि 'पाणी मुरवा' टाइप करा आणि 'पाणी'ची रुंदी फोटोतल्याइतकी होईपर्यंत दोन्ही मोठं-लहान करा. समजा 'जि' १०६ पिक्सेल भरला आणि 'मु' ६८. वेलांटीचा उभा दंड 'ज' च्या डावीकडे स्वतःची जागा घेतो, तर उकार 'म' च्या खाली जातो आणि रुंदी वाढवत नाही, म्हणून हा फरक इतका मोठा आहे. ११० ला १०६ जुळतो. ६८ बसवायचा तर शब्दांमध्ये ८२ पिक्सेलची फट मानावी लागेल, म्हणजे वरच्या ओळीच्या दुप्पट.

रुंदीचा एकच पुरावा मात्र पुरेसा धरू नका, छापणारा अक्षरांमधली जागा हाताने सैल-घट्ट करू शकतो. दुसरा पुरावा उपरण्याच्या तिरकेपणातून मिळतो. ते वर उजवीकडे आणि खाली डावीकडे असल्याने झाकलेल्या अक्षराचा डावा वरचा आणि उजवा खालचा कोपरा थोडा उघडा राहतो. 'जि' असेल तर डाव्या वरच्या कोपऱ्यात शिरोरेषेच्या वर वेलांटीच्या कमानीची सुरुवात दिसली पाहिजे. 'मु' असेल तर तिथे नुसती शिरोरेषा असेल आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात उकाराचं शेपूट डोकावेल. वर कमान आहे आणि खाली काही नाही, असं दिसलं तर दोन स्वतंत्र पुरावे एकाच अक्षराकडे बोट दाखवतात.

तिसरा पुरावा असेल तर तो सगळ्यांहून भक्कम: त्याच फोटोत तोच शर्ट घातलेला दुसरा माणूस. तीस जणांच्या गटात एकाचं पहिलं अक्षर झाकलं असेल, तर दुसऱ्याचं शेवटचं. मात्र दोन्ही शर्ट एकाच छपाईचे आहेत याची खात्री करा. रंगाची छटा, अक्षरांचं वळण आणि ओळ कुठे तोडली आहे, या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. कमी पडले म्हणून मागाहून दुसऱ्याकडून छापून घेतलेले शर्ट असतात आणि त्यात मजकूर थोडा बदललेला असू शकतो. चालत्या माणसाचे पाठोपाठ काढलेले फोटो किंवा व्हिडिओ असेल तर तोही कामाचा. पाऊल पडताना उपरणं आणि हात हलतात, एका चित्रात झाकलेलं पुढच्यात उघडं पडतं. व्हिडिओतून सेकंदाला दहा चित्रं काढायला ही ओळ पुरते:

```
ffmpeg -i feri.mp4 -vf fps=10 f%03d.png
```

नोंद कशी लिहायची

वरच्या फोटोची नोंद अशी: पाणी अडवा, पाणी [जि]रवा. कंसातलं पुराव्याने भरलेलं, कंसाबाहेरचं डोळ्यांनी दिसलेलं. भरता आलं नाही तर […] आणि शक्य असेल तर साधारण किती अक्षरांची जागा आहे ते. छापणाऱ्याने 'पाणि' छापलं असेल तर 'पाणि'च लिहा. शुद्धलेखन सुधारलं तर तोच शर्ट दुसऱ्या फोटोत ओळखायची खूण जाते. मागे-पुढे दोन्हीकडे छपाई असते हेही लक्षात ठेवा. पाठीवर बहुधा मंडळाचं नाव, गाव आणि वर्ष असतं. पुढचा फोटो आणि पाठमोरा फोटो एकाच नोंदीत जोडताना कोणता मजकूर कोणत्या फोटोतून आला ते वेगळं लिहा.

अर्ध्या घोषणेला दोन-तीन शेपट्या लागू शकतात, तिथे विशेष जपून. नुसतं 'वाचवा' दिसत असेल तर आधीचा शब्द 'लेक', 'पाणी', 'झाडे' यांपैकी कोणताही असू शकतो. 'लेक' आखूड आहे आणि त्याची मात्रा पहिल्या अक्षरावर येते, 'पाणी'ची वेलांटी शेवटी येते, 'झाडे'ची मात्राही शेवटी. शिरोरेषेच्या वरचा तुकडा जरी दिसला तरी निवड होते. तोही दिसत नसेल तर जागा रिकामी सोडा. आकडे, वर्षं आणि माणसांची नावं मात्र रुंदीवरून कधीच भरू नका. 'जिरवा' आणि 'मुरवा' यांत घोषणेचा अर्थ फारसा बदलत नाही, पण वर्षाचा एक आकडा चुकला की फोटो दुसऱ्याच मिरवणुकीचा होतो.

यंत्राकडून वाचून घ्यायचं असेल तर ते सपाट केल्यावरच. टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्रॅमला गडद अक्षर आणि फिकी पार्श्वभूमी लागते, म्हणून भगव्या कापडावरची पांढरी अक्षरं आधी उलट्या छटेत करून घ्या. एक ओळ कापून द्या:

```
tesseract patti.png nond -l mar --psm 7
```

`--psm 7` म्हणजे चित्रात एकच ओळ आहे असं सांगणं. हे दिलं नाही तर ते कापडाच्या विणीत आणि शिवणीतही ओळी शोधत बसतं. एकच शब्द असेल तर 7 ऐवजी 8. झाकलेला भाग चित्रात ठेवून वाचायला देऊ नका. उपरण्याच्या कडेचंही ते एखादं अक्षर करतं, आणि ते कंसाबाहेर जाऊन बसतं.

पुढच्या वेळी फोटो काढताना

घोषणा नोंदवायची आहे हे आधीच माहीत असेल तर निम्मी कटकट वाचते. अडीच-तीन मीटरवरून झूम करून काढा, कॅमेरा छातीच्या किंवा टोपीच्या उंचीवर धरा. एक फोटो समोरून आणि दोन्ही बाजूंनी तीसेक अंश सरकून एक-एक. गांधी टोपीसाठी समोरचा फोटो सोडून द्या, कानाच्या बाजूने काढा. एप्रिल-मेच्या दुपारी पांढरी टोपी हमखास जळते. मोबाईलवर टोपीवर बोट टेकवून उजेडाची खूण खाली ओढा, चेहरा थोडा काळवंडला तरी चालेल. माणसाला हात खाली सोडून पट्टा मागे सरकवायला सांगा. नाही म्हणत नाही कुणी. आणि पाठीमागून एक फोटो घ्यायला विसरू नका.